एका तासाचं भांडण आणि न मोजलेला श्वास

गेल्या महिन्यात आमच्या भागात दोन दिवसांच्या तापात एका घरातला कर्ता माणूस गेला आणि मग व्हॉट्सॲपवर जे सुरू व्हायचं ते सुरू झालं. एका बाजूला "सेप्सिसमध्ये दर तासाला जगण्याची शक्यता साडेसात टक्क्यांनी कमी होते, पहिल्या तासात अँटिबायोटिक दिलं नाही म्हणजे हा खूनच" म्हणणारे, दुसऱ्या बाजूला "ताप दिसला की मेरोपेनेमसारखं तगडं अँटिबायोटिक ठोकणाऱ्यांनीच या देशात एक औषध धड चालेनासं केलंय, रिपोर्ट येईपर्यंत थांबलं तर काय बिघडतं" म्हणणारे. दोन्हीकडे डॉक्टरच जास्त, हे आणखी एक. मी तालुक्याच्या गावात फिजिशियन आहे, पंधरा वर्षं झाली, आणि मला वाटतं हा वाद मुळात नको त्या जागी चाललाय. घड्याळ 'सेप्सिस' या शब्दावर लावलं की दोन्ही बाजू थोड्याथोड्या खऱ्या ठरतात आणि भांडण संपतच नाही. ते पेशंटच्या अवस्थेवर लावलं की बरंचसं भांडण विरून जातं: शॉकमधल्या, म्हणजे बीपी पडून अवयवांना रक्त पुरेनासं झालेल्या माणसाला एक ताससुद्धा जास्त आहे, जो शॉकमध्ये नाही त्याच्यासाठी दोन-तीन तास शोधाशोध करायला मिळतात आणि ते खुशाल घ्यावेत. आणि आपल्याकडे जो वेळ वाया जातो तो या दोन मतांच्या रस्सीखेचीत जातच नाही हो, तो जातो ओळखण्यात, रस्त्यात आणि काउंटरवर.

आधी शब्दाचं बघू, कारण अर्धा घोळ तिथेच आहे. आपल्याकडे जखमेत पू झाला की 'सेप्टिक झालं' म्हणतात आणि नातेवाईकांना आम्ही सांगतो 'रक्तात इन्फेक्शन पसरलं', त्यामुळे लोकांना वाटतं की जंतू रक्तात सापडले म्हणजे सेप्सिस. २०१६ पासूनची व्याख्या तशी नाहीये. इन्फेक्शन कुठेही असो, लघवीत, फुप्फुसात, पायाच्या फोडात, त्याला शरीर जे उत्तर देतं ते बेताल होऊन स्वतःचेच अवयव बंद पडायला लागले की तो सेप्सिस. म्हणजे शोधायचा असतो तो बिघडणारा अवयव, आणि तो ताप किती आहे यावरून कळत नाही. मेंदू बिघडला की माणूस बरळतो किंवा नुसता सुस्त पडतो, किडनी बिघडली की लघवी आटते, रक्ताभिसरण बिघडलं की हातपाय गार पडतात, आणि श्वास वाढतो, बहुतेक वेळा सगळ्यात आधी. ताप मात्र पॅरासिटामॉलने उतरलेला असू शकतो, म्हाताऱ्या माणसाला तर मुळात येतच नाही कधीकधी.

आता दोन्ही बाजूंचे पुरावे. साडेसात टक्केवाला आकडा हवेतून आलेला नाही, २००६ साली कॅनडा-अमेरिकेतल्या आयसीयूंच्या नोंदींवरून तो काढला गेला: बीपी पडल्यापासून पहिल्या तासात योग्य अँटिबायोटिक मिळालेल्यांतले जवळजवळ ८० टक्के जगले आणि पुढच्या सहा तासांत दर तासाच्या उशिरामागे सरासरी ७.६ टक्क्यांनी जगणं घटलं. पण नीट वाचा, हे सगळे शॉकमधले पेशंट होते. मेसेज फॉरवर्ड होता होता 'शॉक' गळून पडला आणि 'ताप' उरला. पुढे न्यूयॉर्क राज्यात तर सक्तीचे नियमच झाले, २०१२ साली रोरी स्टाँटन नावाचा बारा वर्षांचा मुलगा शाळेत हाताला खरचटल्याचं निमित्त होऊन सेप्सिसने गेला, त्याआधी काही दिवस त्याला पोटाचा त्रास समजून हॉस्पिटलातून घरी पाठवलं होतं आणि बिघडलेले रक्ताचे रिपोर्ट तो घरी गेल्यावर आले. त्या नियमांनंतरच्या ४९ हजारांवर पेशंटच्या नोंदी २०१७ ला छापून आल्या, त्यात दर तासाच्या उशिराने मृत्यूची शक्यता वाढते हे दिसलंच, पण साधारण ४ टक्क्यांनी, आणि तीही शॉकवाल्यांत जास्त ठळक.

विरुद्ध बाजूचा सगळ्यात भारी मुद्दा हॉलंडचा आहे आणि तो मान्य करायलाच हवा. तिथे २६०० हून जास्त पेशंटवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग झाला, काहींना ॲम्ब्युलन्समध्येच अँटिबायोटिक, बाकीच्यांना हॉस्पिटलला पोचल्यावर. मृत्यू दोन्हीकडे सारखेच, ८ टक्के. घ्या, संपला की तास! पण त्या ॲम्ब्युलन्समध्ये शॉकचे पेशंट अगदीच थोडे होते, बाकीचे तापाने आजारी पण बऱ्यापैकी सावरलेले, शिवाय रस्ता छोटा आणि पोचल्यावर साधारण सत्तर मिनिटांत औषध. म्हणजे दोन्ही अभ्यास एकमेकांना खोटं पाडत नाहीत, वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलतायत. म्हणूनच जगभर वापरल्या जाणाऱ्या २०२१ च्या गाईडलाइनने घड्याळंच दोन केली: शॉक असेल किंवा सेप्सिस जवळपास नक्की असेल तर तासाच्या आत, शॉक नसेल आणि नुसती शंका असेल तर झटपट तपासण्या करून शंका टिकली तर तीन तासांच्या आत. आमच्या ग्रुपवर ज्यांनी एकमेकांना ब्लॉक केलं त्यांनी ही दोन वाक्यं वाचली असती तरी पुरलं असतं.

पण खरं सांगू का, हे सगळं सुद्धा पुस्तकातलं भांडण आहे. वेळ कुठे जातो ते मी एका केसवरून सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. पावसाळ्याचे दिवस, पंचावन्नच्या आसपासच्या बाई, वजन साठ किलो, शुगर आणि बीपीच्या गोळ्या चालू. रात्री आठला कडकडून हुडहुडी भरली, उलट्या झाल्या, जवळच्या डॉक्टरांनी तापाचं इंजेक्शन आणि एक सलाईन दिलं. सकाळी सातला बाई सुनेला मुलीच्या नावाने हाका मारायला लागल्या, घरच्यांना वाटलं तापाची ग्लानी आहे. अकराला त्या एका हॉस्पिटलात पोचल्या. केसपेपरवर लिहिलंय: ताप ९९, पल्स ११८, बीपी १००/६०, श्वास २०.

हा '२०' बघून मला हसावं की रडावं कळेना. तुम्ही कुठल्याही वॉर्डात जाऊन वीस केसपेपर उघडा, श्वासाच्या रकान्यात सगळीकडे १८ किंवा २० असतं, कारण तो कोणी मोजतच नाही. पल्स मशीन दाखवतं, बीपी मशीन दाखवतं, श्वास मोजायला छातीकडे बघत मिनिटभर उभं राहावं लागतं आणि वॉर्डात तीस पेशंटमागे एक सिस्टर असली की ते मिनिट कुठून आणायचं? पण बावीसच्या पुढे श्वास हे सेप्सिसचं सगळ्यात स्वस्त लक्षण आहे. आणि १००/६० हे बीपी 'ठीक' कोणासाठी? ज्यांचं एरवी १५०/९० असतं त्यांचं ते तब्बल ५० ने पडलेलं आहे. बाई त्या क्षणीच शॉकच्या उंबऱ्यावर होत्या, तिन्ही खुणा समोर होत्या, वागण्यातला बदल, पडलेलं बीपी आणि न मोजलेला श्वास.

साडेबाराला रिपोर्ट आले. पांढऱ्या पेशी ४,२००, म्हणजे 'नॉर्मल', प्लेटलेट ९२ हजार. आणि पावसाळ्यात पेशी कमी म्हटलं की आपल्याकडे एकच शब्द असतो, डेंग्यू. तिथल्या डॉक्टरांनी नेमका तोच विचार केला जो ग्रुपवरच्या थांबा-थांबावाल्यांना पटेल: व्हायरल आहे, अँटिबायोटिक नको, पेशींवर लक्ष ठेवू. नातेवाईक पपईच्या पानांच्या शोधात. मी त्या डॉक्टरांना मूर्ख म्हणणार नाही, ऑगस्टमध्ये दहातल्या बऱ्याच केसला हा अंदाज बरोबर येतो. पण तो तपासून बघायची एक सोपी रीत होती, दिवस मोजा. डेंग्यूत प्लेटलेट सहसा तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर घसरतात आणि माणूस ढासळतो तो ताप उतरायच्या सुमारास. इथे हुडहुडी भरून सोळा-सतरा तास झाले होते. पहिल्याच दिवशी बरळणं, पहिल्याच दिवशी ९२ हजार, हे डेंग्यूच्या वेळापत्रकात बसत नाही, सेप्सिसच्या बसतं, कारण सेप्सिससुद्धा प्लेटलेट खातो. पांढऱ्या पेशींचंही तेच, त्या वाढल्या नाहीत म्हणजे इन्फेक्शन नाही असं नसतं. आणि त्याच कागदावर खाली किडनी बिघडल्याचं सांगणारं क्रिएटिनिन २.१ होतं. अवयव बंद पडत असल्याचा लेखी पुरावा, पण सगळ्यांची बोटं प्लेटलेटच्या ओळीवर.

दुपारी सव्वातीनला डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आली, बीपी ८४/४०, सकाळपासून लघवी नाही. रेफर. चार वाजून दहा मिनिटांनी ॲम्ब्युलन्स निघाली, पावणेसहाला आमच्याकडे. मी श्वास मोजला, ३४. हात कोपरापर्यंत गार, गुडघ्यावर जांभळट जाळी. बोटाचं टोक दहा सेकंद दाबून धरलं आणि सोडलं तर रंग परत यायला सहा सेकंद लागले. (तीनच्या वर गेलं की बिघाड समजायचा, आणि ही फुकटची टेस्ट रक्तातलं लॅक्टेट मोजणाऱ्या मशीनपेक्षा काही कमी पडत नाही हे २०१९ च्या दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं, ज्यांच्याकडे लॅक्टेट होत नाही त्यांनी लाजायचं कारण नाही.) उजव्या कुशीत, किडनीच्या जागी हलकं ठोकल्यावर त्या शुद्धीत नसतानाही कण्हल्या. म्हणजे उगम लघवीत. सहाला मी रक्तातले जंतू शोधायचं कल्चर आणि अँटिबायोटिक लिहिलं, आणि ते शिरेत गेलं ६ वाजून ५० मिनिटांनी.

हो, आमच्याच हॉस्पिटलात. ज्याला सगळं माहितीये असा माणूस समोर उभा असताना आणखी पन्नास मिनिटं. कशात गेली? मुलगा चिठ्ठी घेऊन मेडिकलवर गेला, मेडिकलवाल्याने ॲडमिशन नंबर मागितला, नंबरसाठी डिपॉझिट, डिपॉझिटसाठी बहिणीच्या नवऱ्याला फोन, औषध आल्यावर सिस्टरने पद्धतीप्रमाणे कातडीखाली टेस्ट डोस दिला आणि वीस मिनिटं वाट बघायला लागली. बाईंना पूर्वी या जातीची औषधं मिळालेली होती, ॲलर्जीचा काही इतिहास नव्हता, शॉकमधल्या माणसाला हा डोस देऊन वीस मिनिटं थांबण्यात काय अर्थ होता? कुणाच्याच डोक्यात आलं नाही, माझ्याही, मी तेव्हा सलाईनच्या मागे होतो. सांगा, या पन्नास मिनिटांत 'एक तास की तीन तास' हा वाद कुठे बसतो?

सलाईनचं मात्र वेगळं प्रकरण आहे आणि तिथे 'लवकर आणि भरपूर' म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. अँटिबायोटिकचा प्रश्न दिलं की नाही दिलं असा असतो, सलाईन हा दर पंधरा-वीस मिनिटांनी नव्याने घ्यायचा निर्णय असतो. १८३२ साली स्कॉटलंडमध्ये कॉलऱ्याच्या साथीत टॉमस लाटा नावाच्या डॉक्टरने नाडी लागेनाशा झालेल्या एका म्हातारीच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं, जवळपास तीन लिटर, आणि ती उठून बोलायला लागली. मग लाटा दुसऱ्या पेशंटकडे गेले, जुलाब-उलट्या परत सुरू झाल्या, पुन्हा पाणी कोणी दिलं नाही आणि काही तासांत ती गेली. लोक यातून 'पाणी जीव वाचवतं' एवढंच घेतात, मी त्यातलं 'लाटा निघून गेले' हे पण घेतो. शिवाय कॉलऱ्यात पाणी शरीराबाहेर गेलेलं असतं, ते परत भरलं की हिशोब जुळतो. सेप्सिसमध्ये रक्ताच्या नळ्याच सैल पडलेल्या आणि पाझरणाऱ्या असतात, भरलेल्या पाण्यातलं बरंचसं काही वेळात झिरपून फुप्फुसात आणि अंगात जातं. २०११ साली युगांडा, केनिया, टांझानियातल्या तीन हजारांवर तापाच्या, रक्ताभिसरण ढासळलेल्या मुलांवर अभ्यास झाला, ज्यांना झटपट सलाईन चढवलं त्यांच्यात ४८ तासांत १०.५ टक्क्यांच्या आसपास मृत्यू आणि ज्यांना नाही त्यांच्यात ७.३. झांबियातल्या मोठ्या माणसांतही तसंच निघालं, ४८ टक्के विरुद्ध ३३. कोणी म्हणेल तिथे मलेरिया, एचआयव्ही जास्त आणि व्हेंटिलेटर नाहीत, आपल्याला ते कसं लागू? बरोबर आहे, जसंच्या तसं लागू नाही. पण मग अमेरिकेतल्या आयसीयूचा आकडा आपल्या तालुक्याला जसाच्या तसा कसा लागू होतो?

तो आकडा म्हणजे किलोमागे ३० मिली, पहिल्या तीन तासांत. साठ किलोला १८०० मिली, साडेतीन बाटल्या. सुरुवातीचा अंदाज म्हणून चांगला आहे. आधीच्या हॉस्पिटलात पाच तासांत एक लिटर टिपटिप गेलं होतं, शॉकमध्ये त्याला दिलं म्हणत नाहीत. आम्ही रिंगर लॅक्टेटची पहिली बाटली वीस मिनिटांत सोडली, बोटाचा रंग सहावरून पाच सेकंदांवर. दुसरी बाटली, चार सेकंद, बीपी ८८, आणि तेवढ्यात कोपराच्या मोठ्या शिरेतूनच बीपी वाढवणारं नॉरॲड्रेनालिन सुरू केलं. मानेत सेंट्रल लाइन टाकेपर्यंत थांबायची आपल्याकडे सवय आहे, त्यात तासभर सहज जातो, चांगल्या शिरेतून काही तास ते चालतं, फक्त सुईच्या जागेवर कोणीतरी नजर ठेवायला हवी. तिसऱ्या बाटलीच्या शेवटी फुप्फुसांच्या तळाशी चर्रचर्र ऐकू यायला लागलं आणि श्वास परत वाढला, तिथे मी बाटली बंद केली. नियमाला तीनशे मिली कमी पडले. पडू देत.

आता औषधं चालेनाशी होतील म्हणणाऱ्या रेझिस्टन्सवाल्यांचं राहिलेलं. त्यांची भीती खरी आहे, आयसीयूत सेप्सिस म्हणून उपचार केलेल्यांतल्या बऱ्याच जणांना नंतर इन्फेक्शनच नव्हतं असं निघतं, आणि घाईच्या नियमाने हॉस्पिटलं प्रत्येक तापाला मेरोपेनेम लावणार हे मलाही दिसतंय. पण वाया जाणारं अँटिबायोटिक मला पहिल्या डोसमध्ये दिसत नाही, चौथ्या दिवशी दिसतं, जेव्हा कल्चर निगेटिव्ह, ताप नाही, दुसरंच निदान झालेलं, तरी 'चालू आहे तर चालू देत'. सुरू करायला एक तास द्या आणि थांबवायची तारीख त्याच कागदावर लिहा, अठ्ठेचाळीस तासांनी कोणीतरी नाव घेऊन विचारायचं, का चालू आहे? कल्चर आधी घेतलं असेल तरच या प्रश्नाला उत्तर मिळतं, म्हणून पहिल्या डोसआधी दोन जागांहून रक्त घ्यायचं, त्याला पाच मिनिटं लागतात, औषध गेल्यावर दोन तासांच्या आत घेतलं तरी जंतू सापडायचं प्रमाण बरंच घसरतं. आणि घाई म्हणजे डोळे मिटून नाही. विदर्भात पावसाळ्यानंतर बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा स्क्रब टायफस असतो, त्याला सेफ्ट्रिॲक्सोन आणि मेरोपेनेम दोन्ही काही करत नाहीत, डॉक्सीसायक्लिन लागतं, मग तिथे पहिल्या दहा मिनिटांत मेरो देऊन काय मिळवलं? काखेत, जांघेत, स्तनाखाली त्या चाव्याचा काळा खपलीचा डाग शोधायला दोन मिनिटं लागतात, ती खर्च करा, आणि नाही सापडला तरी सीझन असेल तर डॉक्सी जोडा.

बाईंच्या सोनोग्राफीत उजवी किडनी फुगलेली, खाली मुतखडा अडकलेला. तुंबलेला पू कुठल्याच अँटिबायोटिकने निघत नाही, रात्री अकराला यूरॉलॉजिस्टने लघवीची वाट मोकळी करणारा स्टेंट टाकला आणि पहाटेपासून नॉरॲडचा डोस उतरायला लागला. तीनदा डायलिसिस लागलं, अकराव्या दिवशी घरी गेल्या, क्रिएटिनिन १.८ वर राहिलं. पहिल्या हॉस्पिटलात सकाळी अकरा वाजताच औषध मिळालं असतं तर किडनी वाचली असती का? एका केसवरून मी ते सिद्ध करू शकत नाही आणि करणारही नाही. पण तेव्हापासून औषध मिळेपर्यंतच्या त्यांच्या आठ तासांपैकी किती मिनिटं कोणी 'अँटिबायोटिक द्यावं की थांबावं' असा नीट विचार करण्यात घालवली ते मी मोजलंय, फार तर पंधरा.

त्यानंतर आम्ही कॅज्युअल्टीत एक डबा ठेवला. सेफ्ट्रिॲक्सोन, पिप-टॅझ, मेरोपेनेम, डॉक्सी, दोन-दोन डोस, कल्चरच्या बाटल्या, वर कुलूप नाही. औषध आधी, बिल नंतर. मॅनेजमेंटने विचारलं पेशंट तासाभरात दुसरीकडे गेला तर व्हायलचे पैसे कोणाचे, त्यावर अजून ठरलेलं नाही, सध्या फुटकळ खर्चात टाकतात. ॲलर्जीचा इतिहास नसेल तर शॉकमध्ये टेस्ट डोस बंद. दुसरा डोस कधी, हे पहिला देतानाच पेशंटच्या पलंगाला चिकटवतो, कारण कॅज्युअल्टीतून आयसीयूत जाताना तो हमखास चुकायचा. आणि भिंतीवर सेकंदकाटा असलेलं घड्याळ लावलं, श्वास मोजायला. आता केसपेपरवर १९, २६, ३१ असे आकडे दिसतात. वीसही दिसतो अजून, रात्रपाळीला जास्त.